दत्तक वडिलांची पंधरा दिवसांची रजा: तारीख कोणती धरायची?

मूल दत्तक घेणाऱ्या वडिलांना रजा मिळते का, या प्रश्नाचे उत्तर नोकरी कुठे आहे यावर अवलंबून असते, आणि सरकारी नोकरी असली तरी ते एका तारखेवर येऊन थांबते. पितृत्व रजेविषयीची माहिती बहुतेकदा ‘पंधरा दिवस मिळतात’ एवढ्यावर संपते. ते पंधरा दिवस कोणत्या दिवसापासून मोजायचे, मुलाचे वय कोणत्या दिवशी पाहायचे आणि कार्यालयाला त्या वेळी कोणता कागद दाखवायचा, हे मात्र प्रत्यक्ष अर्ज करताना कळते, आणि तोवर काही वेळा रजेचा हक्कच हातचा गेलेला असतो. म्हणून या लेखात मुख्यतः दत्तक वडिलांचा विचार केला आहे. जन्मदात्या वडिलांची रजा आणि सरोगसीतून झालेल्या मुलाच्या वडिलांची रजा त्याच सूत्रावर चालतात, तेव्हा त्यांचाही उल्लेख ओघात येईल.

आधी पाया स्पष्ट करून घेऊ. खासगी नोकरीतील वडिलांना पितृत्व रजेचा हक्क देणारा केंद्रीय कायदा आपल्याकडे नाही. 1961 चा मातृत्व लाभ कायदा नावाप्रमाणेच मातेपुरता होता, आणि त्याच्या तरतुदी ज्या सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये आल्या, त्या संहितेतही वडिलांच्या रजेचे कलम नाही. 2017 मध्ये हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव यांनी पितृत्व लाभाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते, पण ते कायद्यापर्यंत पोहोचले नाही. त्यामुळे वडिलांच्या रजेचा जो काही लेखी आणि ठाम नियम आहे, तो सरकारी नोकरांच्या सेवानियमांत आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी तो केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, 1972 मध्ये आहे. गोवा 1987 पर्यंत केंद्रशासित प्रदेश असल्यामुळे येथील राज्य सरकारची प्रशासकीय घडणही याच नियमांवर झाली, आणि आजही गोवा सरकारची खाती रजेच्या बाबतीत हेच पुस्तक उघडतात. फरक इतकाच की केंद्राने एखादी नवी दुरुस्ती केली, तर राज्याच्या खात्यातील आस्थापना विभाग कार्मिक खात्याचे परिपत्रक मागू शकतो. राज्य सरकारच्या नोकरीत असणाऱ्यांनी अर्जाच्या आधी ते परिपत्रक पाहून ठेवावे.

या नियमांतील 43-अ हा नियम जन्मदात्या वडिलांचा आहे. दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असलेल्या पुरुष कर्मचाऱ्याला, तो शिकाऊ उमेदवार असला तरी, पत्नीच्या प्रसूतीच्या आधी 15 दिवसांपासून ते प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत कधीही 15 दिवसांची रजा घेता येते. रजेवर जाण्याआधी जो पगार होता तोच मिळतो, ही रजा रजाखात्यातून वजा होत नाही, आणि ती अर्जित किंवा अन्य रजेला जोडता येते. सहा महिन्यांत घेतली नाही तर मात्र ती संपते, पुढे ढकलता येत नाही. ‘दोनपेक्षा कमी’ ही अट नीट वाचली पाहिजे, कारण अनेकजण तिचा अर्थ ‘फक्त पहिल्या मुलासाठी’ असा करतात. दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी घरात एकच अपत्य असते, म्हणून दुसऱ्या वेळीही रजा मिळते. पहिल्याच वेळी जुळी झाली असतील तर पुढच्या वेळी ती मिळत नाही. स्वतःचे एक मूल असलेल्या जोडप्याने दुसरे दत्तक घेतले, तरी वडील या अटीत बसतात.

नियमात आणखी एक वाक्य आहे, ते कार्यालयात फारसे कोणी वाचून दाखवत नाही: ही रजा सामान्यतः कोणत्याही परिस्थितीत नाकारू नये. ‘मंजूर करता येईल’ अशी नियमाची सुरुवात आहे, म्हणून वरिष्ठांना वाटते की कामाचा ताण पाहून ठरवायचे आहे. पुढचे वाक्य ती मोकळीक बरीच आवळते.

दत्तक वडिलांसाठी 43-अअ हा वेगळा नियम आहे, आणि खरी गुंतागुंत इथे आहे. दिवस तेवढेच, पंधरा. अपत्यांची अटही तीच. मात्र येथे मूल एक वर्षाच्या आतले असावे लागते. ते एक वर्ष कोणत्या दिवशी मोजायचे, हे समजण्यासाठी दत्तक प्रक्रियेचा क्रम माहीत असावा लागतो. ‘कारा’ या केंद्रीय प्राधिकरणाकडे नोंदणी झाली, समाजसेवकाने घरी येऊन अहवाल दिला, पुष्कळ वाट पाहिल्यावर मुलाची माहिती आली आणि पालकांनी होकार कळवला, की दत्तक संस्था मूल त्यांच्या हवाली करते. पण त्या दिवशी कायदेशीर दत्तकविधान झालेले नसते. मूल आधी ‘दत्तकपूर्व संगोपन’ या नावाखाली घरी येते. कागदावर त्याला प्री-अ‍ॅडॉप्शन फॉस्टर केअर असे लिहिलेले असते. त्यानंतर दत्तक आदेशासाठीचा अर्ज जातो. बाल न्याय कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे सप्टेंबर 2022 पासून, हा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. त्यासाठी दोन महिन्यांची मुदत ठरलेली आहे, आणि ती प्रत्यक्षात लांबूही शकते.

म्हणजे एकाच मुलाच्या दोन तारखा होतात. एक, मूल घरी आले ती. दुसरी, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघाला ती. रजेचा नियम मुळात फक्त ‘वैध दत्तकविधान’ म्हणत असे, आणि त्यामुळे बाळ घरी रडत असताना वडिलांनी आदेशाची वाट पाहत कार्यालयात बसावे, अशी विचित्र परिस्थिती निर्माण होत होती. रजेच्या या नियमातही दुरुस्ती झाली, आणि आता मूल दत्तकपूर्व संगोपनात स्वीकारल्यावर किंवा वैध दत्तकविधान झाल्यावर, असे दोन्ही पर्याय नियमात आहेत, आणि सहा महिन्यांची मुदतही त्या त्या तारखेपासून मोजायची आहे. पण अनेक आस्थापना विभागांच्या मनात जुना शब्दच पक्का बसलेला असतो. अर्ज गेला की उत्तर येते, ‘आदेशाची प्रत जोडा.’

यातून काय होते, ते एका उदाहरणातून पाहू. दीपक हे पणजीतील केंद्र सरकारच्या एका कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहेत आणि त्यांची पत्नी संगीता वेर्ण्याच्या औषध कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे, असे समजू. दोघे फोंड्याला राहतात आणि त्यांना अपत्य नाही. संस्थेकडून मुलगी मिळते. तिच्या अहवालात जन्मतारीख 14 मे 2025 आहे. शनिवार, 21 मार्च 2026 रोजी ते तिला घरी आणतात, तेव्हा ती दहा महिने आणि सात दिवसांची असते. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश समजा 29 मे 2026 रोजी निघतो. त्या दिवशी ती एक वर्ष आणि पंधरा दिवसांची झालेली असते.

दीपक यांनी ‘आदेशाची प्रत आणा’ हे ऐकून अर्ज बाजूला ठेवला, तर 29 मे रोजी हातात सगळे कागद असतील, पण मूल एक वर्षाच्या आत नसेल, आणि आस्थापना विभाग त्याच नियमाकडे बोट दाखवून रजा नाकारेल. उलट 21 मार्च ही तारीख धरून अर्ज केला, तर वयाची अट पूर्ण होते आणि मुदत 20 सप्टेंबरपर्यंत उघडी राहते. एकाच मुलीचे, एकाच वडिलांचे आणि एकाच नियमाखालचे हे दोन निकाल आहेत. फरक फक्त अर्जात लिहिलेल्या तारखेचा आहे. म्हणून अर्जाचा मजकूर मी साधारण असा सुचवेन:

‘मी व माझ्या पत्नीने दि. 21 मार्च 2026 रोजी एक वर्षाखालील बालिका दत्तकपूर्व संगोपनात स्वीकारली आहे. केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, 1972 मधील नियम 43-अअ नुसार मला दि. 23 मार्च ते 6 एप्रिल 2026 अशी 15 दिवसांची पितृत्व रजा मंजूर करावी. मला अन्य हयात अपत्य नाही. संगोपनाच्या हमीपत्राची व संस्थेच्या पत्राची प्रत सोबत जोडली आहे. दत्तक आदेश मिळताच त्याची प्रत सादर करीन.’

या मजकुरात दोन गोष्टी मुद्दाम आहेत. नियमाचा क्रमांक लिहिल्यामुळे कारकुनाला तो शोधावा लागतो, आणि शोधल्यावर दुरुस्त झालेला मजकूर त्याच्या नजरेस पडतो. शेवटचे वाक्य कार्यालयाची भीती कमी करते, कारण नियमातच तशी तरतूद आहे: संगोपनानंतर वैध दत्तकविधान झाले नाही, तर घेतलेली रजा कर्मचाऱ्याच्या खात्यातील अन्य रजेतून वळती केली जाते. सरकारचे नुकसान होत नाही. एखादा अधिकारी ‘आदेश आलाच नाही तर काय’ असे विचारतो, तेव्हा त्याचे उत्तर नियम बनवणाऱ्यांनी आधीच देऊन ठेवलेले आहे.

दिवस मोजताना ते कॅलेंडरचे दिवस असतात. वरच्या उदाहरणात 3 एप्रिलचा गुड फ्रायडे आणि त्यानंतरचे शनिवार-रविवार रजेच्या मधे येतात, म्हणून ते पंधरात मोजले जातात. रजेच्या आधी किंवा नंतर लागून आलेली सुट्टी मात्र परवानगीने जोडता येते, त्यामुळे 21 आणि 22 मार्चचे शनिवार-रविवार फुकट जात नाहीत. मंजुरीचा आदेश हाती आल्यावर रजाखातेही एकदा पाहावे. अर्जित रजेतून पंधरा दिवस कापले गेले असतील, तर लिपिकाने नेहमीच्या सवयीने चुकीच्या रकान्यात नोंद केली आहे, असे समजावे आणि लगेच लेखी कळवावे. दोन-तीन वर्षांनी ही चूक सेवापुस्तकात शोधणे जिकिरीचे होते.

जन्मतारखेचाही एक बारकावा आहे. सोडून दिलेल्या मुलाची खरी जन्मतारीख बहुधा कोणालाच ठाऊक नसते. वैद्यकीय तपासणीवरून अंदाजाने ठरवलेली तारीख बाल अभ्यास अहवालात लिहितात आणि पुढे तीच अधिकृत होते. रजेसाठी वयाचा पुरावा म्हणून हाच अहवाल चालावा, कारण दत्तक पालकांच्या नावाचा जन्मदाखला आदेशानंतरच निघतो. जो कागद अजून तयारच होऊ शकत नाही, त्यासाठी अर्ज अडवणे हे निव्वळ अज्ञान आहे, पण ते सौम्य शब्दांत सांगावे लागते.

कागदाबाबत गोव्यात आणखी एक सावधगिरी हवी. महाराष्ट्रात हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली नातेवाइकाचे मूल नोंदणीकृत दत्तकपत्र करून घेण्याची पद्धत आहे. गोव्याचा कौटुंबिक कायदा पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेतून आलेला आहे, त्यामुळे सावंतवाडीच्या मावशीकडे जे दत्तकपत्र झाले तेच फोंड्यातही चालेल, असे गृहीत धरू नये. बाल न्याय कायदा, 2015 धर्म न पाहता सर्वांना लागू आहे, आणि नातेवाइकाचे मूलही त्याच मार्गाने, जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने दत्तक घेता येते. नोटरीकडे केलेले शपथपत्र कितीही शिक्क्यांचे असले तरी रजेच्या कामासाठी ‘वैध दत्तकविधान’ ठरत नाही, आणि अशा कागदावर रजा मागणाऱ्याला ती मिळाली नाही तर त्यात कार्यालयाची चूक नसते.

एक वर्षाची अट मला स्वतःला अपुरी वाटते. तीन वर्षांचे मूल संस्थेतून घरी येते तेव्हा त्याला नवे घर, नवी माणसे आणि कित्येकदा नवी भाषाही एकदमच समजून घ्यायची असते. त्याच्या वडिलांना मात्र या नियमाखाली एकही दिवस मिळत नाही, अर्जित रजाच काढावी लागते. अविवाहित, विधुर किंवा घटस्फोटित पुरुष कर्मचाऱ्याला बालसंगोपन रजेचा मार्ग असतो. ती संपूर्ण सेवेत 730 दिवसांपर्यंत मिळते आणि पहिल्या 365 दिवसांना पूर्ण पगार, पुढच्या 365 दिवसांना 80 टक्के पगार असतो. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही, हेही येथे लक्षात ठेवावे. विवाहित वडिलांना मात्र ही बालसंगोपन रजा नाही.

आता संगीताकडे वळू. सरकारी नोकरीत असती तर एक वर्षाखालील मुलासाठी तिला 180 दिवसांची दत्तक रजा मिळाली असती. खासगी कारखान्यात तिला मातृत्व लाभाच्या तरतुदी लागतात. 2017 च्या दुरुस्तीने दत्तक मातेला, मूल ताब्यात मिळाल्याच्या दिवसापासून 12 आठवडे दिले, पण मूल तीन महिन्यांच्या आतले असावे अशी अट घातली. ही अट कागदावर साधी दिसते. प्रत्यक्षात सोपवून दिलेल्या मुलाच्या जन्मदात्यांना फेरविचारासाठी दोन महिने द्यावे लागतात, सोडून दिलेल्या लहान बाळाच्या बाबतीतही चौकशी करून ते दत्तकासाठी मोकळे झाल्याचे जाहीर करण्यास दोन महिन्यांपर्यंत वेळ लागतो, आणि पालकांशी जुळणी त्यानंतर सुरू होते. तीन महिन्यांच्या आत मूल घरी पोहोचणे जवळजवळ अशक्य होते. याच कारणाने या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. तेव्हा कंपनीच्या धोरणपुस्तिकेत तीन महिन्यांची ओळ छापलेली दिसली, म्हणून तिथेच विषय सोडून देऊ नये. पुस्तिका कोणत्या वर्षीची आहे हे मनुष्यबळ विभागाला विचारावे, आणि अर्ज लेखी द्यावा. अनेक कंपन्या स्वतःच्या धोरणाने कायद्यापेक्षा जास्त देतात, ही गोष्ट वेगळी.

खासगी नोकरीतील वडिलांसाठी सारा भार या धोरणपुस्तिकेवर, नियुक्तीपत्रावर किंवा संघटनेशी झालेल्या करारावर असतो. मोठ्या कंपन्यांत आठवडा-दोन आठवड्यांची रजा दिसते. काही थोड्या कंपन्या आई-वडील दोघांना सारखीच रजा देतात. झोमॅटोने 2019 मध्ये 26 आठवड्यांची घोषणा केली होती. पुस्तिका वाचताना दिवसांच्या आकड्यापेक्षा चार शब्दांकडे आधी पाहावे, कारण अडचण तिथेच होते. ‘पत्नीच्या प्रसूतीप्रसंगी’ असे लिहिले असेल तर दत्तक वडील शब्दशः बाहेर राहतात. ‘कामाचे दिवस’ आणि ‘दिवस’ यांत फरक आहे: पाच कामाचे दिवस म्हणजे पूर्ण आठवडा, तर नुसते पाच दिवस गुरुवारी सुरू झाले तर शनिवार-रविवार धरून सोमवारी संपतात. रजेची मुदत कधीपासून सुरू होते हे दत्तकाच्या बाबतीत पुष्कळदा लिहिलेलेच नसते. आणि परिवीक्षा काळातील कर्मचारी वगळलेले असू शकतात.

शब्द अनुकूल असले तरी कामकाजाची चौकट आडवी येते. रजेच्या ऑनलाइन अर्जात ‘प्रसूतीची तारीख’ हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि जोडपत्र म्हणून रुग्णालयाचा डिस्चार्ज कागद मागितला जातो. दत्तक वडिलांकडे यांपैकी काहीच नसते. काहीजण रकान्यात मुलाची जन्मतारीख टाकतात. मग मूल दहा महिन्यांचे असेल तर यंत्रणा मुदत संपल्याचे सांगून अर्ज परत करते, आणि तो नाकारला गेला अशी नोंद राहते. त्यापेक्षा अर्ज भरण्याआधीच मनुष्यबळ विभागाला ई-मेल करून मूल ताब्यात मिळण्याची अपेक्षित तारीख कळवावी आणि ही तारीख प्रसूतीच्या तारखेच्या जागी धरली जाईल का, असा थेट प्रश्न विचारावा. लेखी ‘हो’ आले की पुढचे सोपे होते. संस्थेकडून मूल नेण्याची तारीख कित्येकदा थोडक्या दिवसांच्या सूचनेवर ठरते, म्हणून होकार कळवला त्याच आठवड्यात हा ई-मेल जायला हवा. किनारपट्टीच्या हॉटेलांत काम करणाऱ्यांनी तर आणखी लवकर, कारण ऑक्टोबर ते मार्च या हंगामात वरिष्ठ रजा मंजूर करतात ती अदलाबदलीचा माणूस मिळाला तरच.

सरोगसीच्या बाबतीत केंद्राने जून 2024 मध्ये रजा नियम दुरुस्त केले. मूल घेऊ इच्छिणारे वडील, दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असल्यास, प्रसूतीपासून सहा महिन्यांत 15 दिवसांची रजा घेऊ शकतात, आणि सरकारी नोकरीतील इच्छुक मातेला तसेच सरोगेट मातेला 180 दिवसांपर्यंतची रजा मिळते. येथे तारखेचा घोळ होत नाही, कारण जन्म एकाच दिवशी होतो. कागदही आधीच तयार असतो: 2021 च्या सरोगसी कायद्यानुसार मुलाच्या पालकत्वाचा आणि ताब्याचा आदेश प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्यांकडून आधीच घ्यावा लागतो आणि जन्मानंतर तोच जन्माचे शपथपत्र ठरतो. अर्जाला त्या आदेशाची प्रत जोडली की पुरते. अहवाल, तपासण्या, उपचार यांचे खासगी वैद्यकीय कागद रजेसाठी देण्याची गरज नसते आणि कोणी मागितले तर कोणत्या नियमाखाली मागता, असे विचारण्यास हरकत नाही.

रजा नाकारली गेली तर सरकारी कर्मचाऱ्याने नकाराचे कारण लेखी मागावे आणि नियमाचा मजकूर जोडून वरिष्ठ अधिकाऱ्याकडे निवेदन द्यावे. केंद्रीय कर्मचाऱ्याला पुढे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाचा मार्ग आहे, पण पंधरा दिवसांच्या रजेसाठी तिथवर जाण्यात सहा महिन्यांची मुदत निघून जाते, म्हणून पहिले निवेदनच काटेकोर असायला हवे. खासगी नोकरीतील वडिलांनी कामगार आयुक्तालयात जाण्याआधी हाती काय आहे ते तपासावे. नियुक्तीपत्रात, प्रमाणित स्थायी आदेशात किंवा संघटनेच्या करारात पितृत्व रजा लिहिलेली असेल, तर तेथील अधिकारी त्या लेखी शब्दावर बोलू शकतो. यांपैकी कशातच ती नसेल, तर कंपनीला ती देण्यास भाग पाडील असे कलम त्याच्याकडेही नसते. अशा वेळी अर्जित रजा मागणे, आणि पुढच्या वेतनकराराच्या बोलणीत संघटनेने ‘प्रसूती’ या शब्दापुढे ‘अथवा दत्तकपूर्व संगोपनात मूल स्वीकारणे’ हे शब्द घालून घेणे, एवढेच व्यवहार्य उरते.